किल्ली कुणाकडे

सध्या माझ्याकडे समुपदेशन शिकायला एक मुलगी येते. सुरक्षा आराखड्याचे सहाही रकाने ती झरझर भरून घेते. पण सहाव्यात 'फवारणीचं औषध कुलपात ठेवणे' एवढंच दिसलं की मी अडते. कुलूप ठीक, किल्ली कुणाकडे?

गेल्या भाताच्या हंगामात पौडकडच्या एका वाडीतल्या ताई आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार मनात येत होते, बेत नव्हता. बेत पक्का असता तर कागद बाजूला ठेवून, त्यांना एकटं न सोडता, मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं असतं.

"औषध कुठं असतं?"

"पडवीत, पोत्यांमागं."

"कुलूप लावलं तर?"

"किल्ली सासूबाईंकडंच राहणार."

मग त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. पहिल्या रकान्यात, धोक्याच्या खुणांखाली, त्यांनीच सांगितलं होतं : सासूशी भांडण झालं की जेवण जात नाही, रात्रभर अंगणात बसून राहते. म्हणजे विचार जिथून उसळतात, किल्ली नेमकी तिथेच जाणार होती. म्हणून सहावा रकाना मी नेहमी पहिल्याशेजारी ठेवून वाचते.

शेवटी तोडगा ताईंनीच काढला. दोन्ही घरांची फवारणी खालच्या आळीतला चुलत दीर करतो, तर बाटल्या त्याच्याकडेच असू देत. त्यांच्या संमतीने नवऱ्याला आत बोलावलं आणि ताईंना चाललं तेवढंच सांगितलं. त्याने त्याच संध्याकाळी बाटल्या हलवल्या. दुसऱ्या दिवशी मी फोन करून खात्री केली. पाचव्या रकान्यातला 'टेली-मानस'चा १४४१६ हा नंबर त्यांच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये घातला, कारण रात्री नवऱ्याचा फोन हाती येईलच असं नाही. पुढच्या फवारणीआधी कागद पुन्हा काढायचा, हेही ठरलं.

मरणाच्या विचारांची तीव्र लाट बहुतेकदा काही वेळाने ओसरते. साधन हाताशी नसलं की तेवढा वेळ मिळतो. स्टॅन्ली आणि ब्राउन यांच्या या आराखड्यात सहावा रकाना त्यासाठीच आहे. तरी आजही काही जण 'पुन्हा असं करणार नाही' असं लिहून सही घेतात. मला त्याची चीड येते. त्या सहीने निर्धास्त होतो तो सही घेणारा. रात्री अंगणात बसलेल्या बाईने काय करायचं, ते त्यात कुठेच नसतं.

किल्लीच्या प्रश्नाचा मला अभिमान आहे, तो लपवत नाही. परवा या मुलीने एका काकांना तो माझ्याआधी विचारला, तेव्हा कौतुकाआधी मला खटकलंच. काका म्हणाले, "मुलाकडं देतो." तिने लगेच विचारलं, "आणि कुलपाची दुसरी किल्ली?"

ती काकांच्या खिशात होती.