जरा मोठ्यानं बोला

1956 नंतर आपल्या माणसांनी पत्रिका सोडली, पंचांग सोडलं, भटजी सोडला. बघण्याचा कार्यक्रम मात्र सुटला नाही. चारचौघांत पोरगी आणायची, खुर्चीवर बसवायची आणि तिला तिचंच नाव विचारायचं. नाव बायोडेटात लिहिलेलं असतं. मध्यस्थानं दहा वेळा सांगितलेलं असतं. तरी विचारायचं, कारण पोरगी तोतरी तर नाही ना, हे बघायचं असतं. मग मामाचं गाव विचारतात, म्हणजे सोयरीक कुठवर पोचते ते कळतं. मग कुणीतरी म्हणतं, "जरा पाणी आण बाळ." तहान कुणालाच नसते. चाल बघायची असते. पोराला कुणी उठून चालायला सांगत नाही.

मी इचलकरंजीच्या बाजूला एका सूतगिरणीत आहे. वय 26. दहावीनंतर शाळा सुटली, वाचायचं वेड सुटलं नाही. रिंगफ्रेमवर तुटलेला धागा जोडायचा, हे माझं काम. आठ तास शेकडो चात्या कानाजवळ गरगरत असतात. कारखान्याच्या नियमात आठ तासांना 90 डेसिबलची हद्द आहे. आमच्या खात्यात शेजारच्याच्या कानात बोंबललं तरी त्याला कळत नाही. म्हणून आम्ही ओठ वाचतो. जॉबर वीस हातांवरून शिवी देतो, ती आम्हाला ओठांवरून बरोबर पोचते. पण याची किंमत अशी की बाहेर आल्यावरही आवाज खाली येत नाही, आणि बारीक बोललेलं ऐकू येत नाही. आई म्हणते, "भांडतोयस का बोलतोयस रं?"

असा हा नवरदेव मिरज तालुक्यातल्या एका गावी मुलगी बघायला गेला. वडापच्या जीपमधून आम्ही सातजण. आई, बाबा, चुलता, मामा, मावशी, मध्यस्थ तात्या आणि मी. आदल्या रात्री पाळी करून आलेलो. निघताना आईनं केसांतली रुई वेचून काढली, तरी एक पुंजका कानामागं राहिलाच.

घरात बाबासाहेबांचा फोटो, खाली बुद्धाची मूर्ती. जयभीम झाला, पाणी झालं. तात्यानं सुरू केलं, "पोरगा मिलमधी कायम हाय. पगार वीस हजार. निर्व्यसनी." मी कंत्राटी आहे. हजेरीला 450 रुपये, 26 दिवस भरले तर 11,700. दोन वर्षं झाली, कायम करतो म्हणतात आणि दर सहा महिन्यांनी कंत्राटदार बदलतात. मी बाबांकडं बघितलं. बाबा छताकडं बघत होते.

तिच्या चुलत्यानंही आपली बाजू मांडली. "पोरगी बारावी. घरातच असती. बाहेर कुठं जात न्हाई."

पोहे आले. पोह्यांमागून ती आली. आणि माझी पंचाईत झाली. तिनं मान अशी खाली घातली की ओठच दिसेनात. मामानं नाव विचारलं. तिनं सांगितलं, सगळ्यांनी माना हलवल्या, मला काही ऐकू आलं नाही. मावशीनं शिक्षण विचारलं. तेही गेलं. मग मामा मला म्हणाला, "इचार की तुला काय इचारायचंय ते." माझ्या तोंडातून खात्यातल्या आवाजात निघालं,

"जरा मोठ्यानं बोला!"

झोळीतलं पोर दचकून रडायला लागलं. चुलता चहा सांडता सांडता वाचला. खोलीत सगळे गप्प. फक्त तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडायला लागली. नीट बघितलं तर हसत होती.

त्या हसण्यानं कार्यक्रम जरा माणसात आला. तिची आत्या म्हणाली, "पोरांना दोन शब्द बोलू द्या." घरामागं धुण्याचा दगड आहे, तिथं आम्हाला पाठवलं. राखणीला तिचा धाकटा भाऊ. दहा मिनिटं.

आता ती समोर होती. मान वर. ओठ स्वच्छ वाचता येत होते. मी सगळ्यात आधी कानाचं सांगितलं, मग कंत्राटाचं. 450 आणि 26 चा हिशेब सांगितला. कुणीतरी नंतर सांगणारच, मग आपणच का नको? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली,

"मीबी घरात नसते. शिलाईच्या कारखान्यात कॉलर लावते. पीसवर पैसे. सांगू नको म्हणालेत."

"का?"

"बाहेर जाणारी पोरगी म्हणून नाकारलंय दोन ठिकाणी."

मी म्हणालो, "मला कविता करायचा नाद आहे." ती म्हणाली, "त्याला काय पैसे पडतात?" मी म्हणालो, "उलट कागद, स्टेन्सिल आपल्याच खिशातून." ती म्हणाली, "मग चालंल, दारूपेक्षा स्वस्त पडंल."

मग तिनं विचारलं, "घर केवढं?"

"एक खोली. दहा बाय बारा. पुढं पडवी."

"माणसं?"

"आई, बाबा, धाकटा भाऊ, मी."

"रात्रपाळी किती?"

"तीन आठवड्यांत एक. रात्री बारा ते सकाळी आठ."

"मग तुम्ही दिवसा झोपणार तवा माणसं कुठं बसणार? आणि तुम्ही रात्री नसताना मी कुठं झोपायचं? दीर हाय म्हणताय."

आत सातजणांनी मिळून तिला नाव, गाव आणि मामा विचारला होता. लग्न करून माणसं राहणार कशी, हे फक्त तिनं विचारलं. जोतिराव फुल्यांनी सत्यशोधक लग्नासाठी मंगलाष्टकं लिहिली. त्यांत नवरी तोंड उघडते, नवऱ्याकडं बायांचा हक्क मागते. पहिलं सत्यशोधक लग्न 1873 साली लागलं. आणि आम्ही अजून पोरीला पाणी आणायला लावून चाल बघतोय. माझ्याकडं तिच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. तेवढंच तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग मी येऊन बघते."

जाताना आईनं रीतीप्रमाणं तिच्या हातावर 101 रुपये ठेवले. तात्या म्हणाला, "कळवतो." तिची आत्या म्हणाली, "आमीबी कळवतो." तात्याला हे उत्तर सवयीचं नव्हतं.

पुढच्या रविवारी ती आणि आत्या खरंच आल्या. गल्लीनं दारं उघडून बघितलं. आईनं पोहे केले आणि ताट माझ्या हातात दिलं. त्या ताटाचं वजन फार असतं, हे मला तेव्हा कळलं. बश्या आपोआप वाजतात. तिनं नळ किती वाजता येतो विचारलं. संडास गल्लीच्या टोकाला आहे, तिथवर चालत जाऊन आली, दिवा आहे का बघून आली. पडवीत उभी राहून पावलं मोजली. मग म्हणाली, "हितं पत्रा मारून आडोसा हुईल. पण दार आतनं लागाय पायजे."

भाऊ लगेच म्हणाला, "मी मित्राकडं झोपतो." ती म्हणाली, "तुमाला कशाला बाहेर काढू? दार लावा म्हणतेय."

तात्या रागावला. पोरगी आगाऊ आहे म्हणाला, दुसरी दोन स्थळं खिशात आहेत म्हणाला. बाबा पहिल्यांदाच बोलले, "आगाऊ न्हाई तात्या, मापं घेऊन गेली."

पत्रा, लाकूड, कडी-कोयंडा, सुताराची मजुरी धरून आठ हजाराच्या घरात जातंय. कारखाना सोडणार नाही, असं तिनं कळवलंय, आणि आईनं ते मान्य केलंय. तारीख अजून धरलेली नाही. दार बसल्यावर धरायची, असं ठरलंय. फोनवर ती बारीक बोलते. मी ओरडतो, "जरा मोठ्यानं!" मग तीही कारखान्यातल्या आवाजात ओरडते. शिलाईच्या पन्नास मशीन एकदम चालतात तेव्हा कसं बोलावं लागतं, ते तिलाही येतं.