कंपनीचं नाव नाही, मग भरवसा कशावर?

कुहीत घरी बसून पुण्या-मुंबईच्या कंपनीचं काम करता येते का, असं आपल्याकडची पोरं नेहमी विचारतात. येते. पण पहिल्या मुलाखतीत तीन प्रश्न हमखास येतात: काम नेमकं किती, पैसे किती आणि तुमच्यावर विश्वास का ठेवायचा? मी इंग्रजीतून मराठी अनुवाद करतो. मागच्या महिन्यात पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीसोबत व्हिडिओ कॉल झाला, त्याचाच हिशेब मांडतो.

त्यांनी थेट विचारलं, "पूर्ण माहितीपुस्तिकेचे किती घ्याल?" मी आकडा न सांगता आधी फाइल मागितली. इंग्रजी मजकूर 30,000 शब्दांचा निघाला. शब्द मूळ इंग्रजीचेच मोजायचे, हे सुरुवातीलाच ठरवून घ्यावं लागते. कारण 'इन द टँक' हे तीन शब्द मराठीत 'टाकीत' असा एकच शब्द होतात. मराठीचे शब्द मोजले तर मेहनत तेवढीच आणि पैसे कमी.

मग काय करणार आणि काय नाही, ते बोललो. अनुवाद आणि एकदा दुरुस्ती माझ्याकडे. चित्रांच्या आत लिहिलेली नावं आणि पानांची मांडणी माझ्याकडे नाही. काम सुरू झाल्यावर इंग्रजी मजकूर बदलला, तर तेवढ्या शब्दांचे पैसे वेगळे. 'व्हॉल्व्ह' ठेवायचं की 'झडप' लिहायचं, अशा शब्दांची यादी आधी त्यांनी मंजूर करायची. नाहीतर शेवटी एकेक शब्द बदलत बसावं लागते आणि 'एकदा दुरुस्ती' चारदा होते.

दर शब्दाला दोन रुपये, म्हणजे एकूण 60,000. ते म्हणाले, "थोडं कमी करा ना." मी दर नाही, काम कमी करायची तयारी दाखवली: देखभालीचं प्रकरण वगळा, 6,000 शब्द कमी होतील, 12,000 रुपये वाचतील. दर विनाकारण उतरवला की समोरच्याला वाटते, आधीचा आकडा हवेतलाच होता. त्यांनी प्रकरण वगळलं नाही.

आता भरवशाचं. जुन्या ग्राहकांचं काम गोपनीय असते, ते दाखवता येत नाही. म्हणून त्यांच्याच पुस्तिकेतले 300 शब्द करून देतो म्हणालो, 600 रुपये घेऊन. 'चाचणी' म्हणून 3,000 शब्द फुकट मागणारेही भेटले आहेत. ती चाचणी नसते भाऊ, ते काम असते! दोन जुन्या ग्राहकांना विचारून त्यांचे फोन नंबर दिले. "कुहीत लाइट गेली तर?" असंही विचारलं. इन्व्हर्टर आहे, दोन कंपन्यांचे सिम आहेत, आणि रोजची फाइल संध्याकाळी तुमच्या फोल्डरमध्ये टाकतो, असं सांगितलं. सगळ्यात कामी आलं ते तुकडे पाडणं: 10,000 शब्दांचे तीन भाग, प्रत्येक भागाला 20,000 रुपये. पहिला भाग आवडला नाही तर तिथंच थांबा. दोघांचाही धोका एका भागापुरताच राहते.

शेवटी ते म्हणाले, "आमच्याकडे पेमेंट 60 दिवसांनी होते." इथं माझं उद्यम प्रमाणपत्र पुढं केलं. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या 2006 च्या कायद्यानुसार, लेखी करार असला तरी काम स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या वर मुदत चालत नाही. करारच नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. शिवाय 2023-24 पासून असं थकवलेलं बिल कंपनीला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही, त्यामुळे त्यांचा हिशेबनीसही लक्ष देते. 30 दिवसांवर जुळलं.

मर्यादाही सांगतो. उद्यम नोंदणी काम घेण्याच्या आधीची पाहिजे. जुन्या बुडालेल्या बिलाला नंतरची नोंदणी कामी येत नाही. कायद्याखाली तक्रार करता येते, पण निकाल लागेपर्यंत दम धरावा लागते आणि तो ग्राहक बहुतेक जातेच. म्हणून तुकड्यानं पैसे घेणं हाच पहिला इलाज, कायदा दुसरा.

नोंदणी फुकट आहे. आधार आणि पॅन घेऊन udyamregistration.gov.in वर स्वतः करा. सारख्या नावाच्या साइटी पैसे मागतात, त्यांना देऊ नका. मांढळ, वेलतूर, कुहीत घरून टायपिंग, डिझाइन, हिशेबाची कामं करणारे कोणी असतील त्यांच्यापर्यंत हे पोचवा. आणि तुमचं बिल किती दिवसांनी निघते, तेही खाली लिहा.