पाठवू की नको

पावसाळा सुरू झाला की मुलुंडमधल्या जुन्या इमारतींत भिंतींच्या आधी सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप ओलावतो. मी आमच्या चार मजली सोसायटीची सेक्रेटरी. हे पद कोणालाच नको असतं, म्हणून ते माझ्याकडे टिकून आहे. त्यामुळे न पाठवलेले मेसेज बघायला मिळतात. लोक जिन्यात गाठतात, फोन पुढे करतात आणि विचारतात, “वहिनी, हे टाकू का?” विचारणाऱ्याचं निम्मं काम तिथेच झालेलं असतं. जे विचारत नाहीत, त्यांचे मेसेज मी इतरांसारखेच ग्रुपवर वाचते.

“राग शांत झाल्यावर पाठवा” हा सल्ला मीही पूर्वी द्यायचे. आता देत नाही. राग सकाळपर्यंत उतरतो हे खरं, पण मेसेजमधली चूक सकाळपर्यंत दुरुस्त होत नाही. ती फक्त अधिक सभ्य भाषेत पाठवली जाते.

गेल्या जुलैतलं उदाहरण घेऊ. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांच्या बेडरूमच्या छताला ओल आली. रात्री साडेअकराला त्यांनी ग्रुपसाठी लिहिलेला मजकूर असा होता: “वर राहणाऱ्यांना खाली माणसं राहतात याचं भान आहे का? तीन महिने सांगतोय. तुमच्या बाथरूमचं घाण पाणी आमच्या पलंगावर गळतंय. लाज वाटली पाहिजे. कमिटी झोपा काढते का? उद्या पोलिसात जातो.” त्यांच्या मुलीने फोन हातातून काढून घेतला म्हणून तो रात्री गेला नाही, आणि सकाळी ते माझ्याकडे आले.

आम्ही तो मजकूर वाक्यावाक्याने सोडवला. पलंगावर पाणी गळतं, हे दिसलेलं. तीन महिने सांगतोय हेही खरं, पण तोंडी, जिन्यात, कागदावर काहीच नाही. लाज आणि झोपा हे शेरे. पोलिसांची धमकी पोकळ होती, कारण गळतीसाठी पोलीस काय करणार हे त्यांनाही ठाऊक होतं. राहिलं “तुमच्या बाथरूमचं”. हा निव्वळ अंदाज होता आणि सगळा मजकूर त्याच दोन शब्दांवर उभा होता.

गळती कुठून येते याला सोसायटीत फार महत्त्व असतं. गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाईक पाइपातून पाणी आलं तर दुरुस्ती सोसायटीची. वरच्या फ्लॅटच्या नहाणीतून किंवा संडासातून आलं तर त्या सभासदाची. ओळखायला थोडं लक्ष द्यावं लागतं. पावसाच्या दिवशी वाढणारी, बाहेरच्या भिंतीकडून सरकणारी ओल बहुधा बाहेरची असते. पाऊस नसतानाही नहाणीखाली टिकून राहणारी ओल आतली. शंका उरली तर प्लंबर वरच्या बाथरूमची जाळी बंद करतो, रंग मिसळलेलं पाणी साठवतो आणि दिवसभर वाट बघतो. खाली रंग उतरला की वाद संपतो. म्हणून हा मेसेज थांबवायचा होता, पण राग उतरेपर्यंत नव्हे. रंग उतरतो की नाही हे कळेपर्यंत.

मेसेज लांबणीवर टाकायचा असेल तर तो कशासाठी थांबतोय ते स्वतःशी ठरवावं, हे माझं मत तेव्हापासून पक्कं झालं. बिल मिळेपर्यंत, वॉचमनकडून रजिस्टर बघेपर्यंत, समोरची व्यक्ती गावाहून परत येईपर्यंत. अशी खूण नसेल तर थांबणं म्हणजे गिळणं होतं, आणि गिळलेलं पुढच्या वार्षिक सभेत तिप्पट होऊन बाहेर येतं. याच्या उलट, काही मेसेज एक मिनिटही थांबवू नयेत. मीटर बॉक्समधून ठिणग्या येत असतील तर व्याकरणासकट सगळं विसरून, हवं तर शिव्या देऊन, ग्रुपवर टाकावं. तिथे संताप कामाचाच असतो.

गृहस्थांनी त्या सकाळी ग्रुपवर काही टाकलं नाही. वरच्या बाईंना वैयक्तिक मेसेज गेला: “काल रात्री आमच्या बेडरूमच्या छतातून पाणी गळलं, फोटो पाठवतोय. गळती कुठून येते ते कळण्यासाठी प्लंबरला तुमच्या बाथरूममध्ये पाणी साठवून बघायचं आहे. शनिवारी सकाळी दहाला चालेल का?” कमिटीवरची ओळ वेगळी होऊन लेखी अर्ज झाली. तिची मला पोच द्यावी लागली आणि सभेच्या इतिवृत्तात ती नोंदवावी लागली. मला हे सोयीचं नव्हतं, हेही सांगते. ग्रुपवरचं “झोपा काढते का” मी वर सरकवून विसरू शकले असते.

पुन्हा लिहिणं म्हणजे शब्द मऊ करणं असा समज आहे. वरच्या बाईंना गेलेल्या मजकुरात मऊ काहीच नाही. त्यात उत्तर देण्याजोगा एक प्रश्न आहे, एवढाच फरक. वाचणाऱ्याने आता नेमकं काय करायचं, हे मजकुरात सापडत असेल तर तो दुरुस्त होऊ शकतो. पहिल्या मजकुरात बाईंना करण्यासारखं एकच होतं, तितक्याच जोरात उलटून बोलणं.

शनिवारी पाणी साठवलं, रविवारी खाली रंग आला. म्हणजे गृहस्थांचा अंदाज बरोबर निघाला. तरीही तो मेसेज त्या रात्री जायला नको होता, असंच मी म्हणेन, आणि त्यांना ते अजून पटलेलं नाही. बाईंनी चूक मान्य केली ती तीन माणसं आणि एक प्लंबर यांच्यासमोर. सगळ्या ग्रुपसमोर मान्य केली असती का, याची मला शंका आहे. दुरुस्ती मात्र गणपती झाल्यावरच झाली. चांगल्या मेसेजने गवंडी लवकर मिळत नाही.

मेसेजची दुसरी जात टोमण्यांची. “एवढ्या सुंदर पार्किंगबद्दल अभिनंदन”, पुढे हात जोडलेल्या इमोजींची रांग. लिहिणाऱ्याला वाटतं, उपरोध स्वच्छ दिसतोय. जस्टिन क्रुगर आणि निकोलस एप्ली यांनी सहकाऱ्यांसह 2005 मध्ये छापलेल्या प्रयोगात हेच तपासलं होतं. ईमेलवर पाठवलेली वाक्यं उपरोधाची की गंभीर, हे वाचणाऱ्याला जवळपास 78 टक्के वेळा कळेल, असं लिहिणाऱ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात कळलं 56 टक्के वेळा. नाणं उडवूनही निम्म्या वेळा बरोबर येतं. आवाजात सांगितल्यावर मात्र अंदाज आणि समज यांत फारसं अंतर राहिलं नाही. आमच्या ग्रुपवर मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही भाषा रोमन लिपीत धावतात, तिथे टोमण्याचं काय होत असेल याचा विचार करा. टोमणा पुन्हा लिहून सुधारत नाही. एक तर तो फोनवर सांगावा, नाही तर सोडून द्यावा.

आणि काही मेसेज कधीच जाऊ नयेत. ते ओळखायची माझी खूण अशी की त्यांत प्रश्नचिन्ह असतं, पण उत्तर नको असतं. माझ्या बोरिवलीच्या एका मैत्रिणीने आईच्या तेराव्यानंतर पुण्याच्या भावासाठी लिहिलेला मेसेज मला दाखवला होता. “आई आजारी असताना तू कुठे होतास?” कुठे होता ते तिला तंतोतंत माहीत होतं. त्याने काहीही लिहिलं असतं तरी ते तिला अपुरंच पडलं असतं. मी तिला विचारलं, “त्याने काय करावं असं तुला वाटतं?” बराच वेळ विचार करून ती म्हणाली, “त्याला लागावं.” यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं, आणि वाट बघावी असंही काही नव्हतं.

पण तेवढ्याने मजकूर मनातून जात नाही. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2024 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना त्यांच्या लिखाणावर अपमानास्पद शेरे दिले, मग मनातला राग कागदावर लिहायला लावला. काहींनी तो कागद टाकून दिला किंवा यंत्रात फाडला, काहींनी जपून ठेवला. टाकणाऱ्यांचा राग जवळजवळ पहिल्या पातळीवर आला, ठेवणाऱ्यांचा तितका उतरला नाही. फोनवर नेमकं उलटं होतं. चॅटच्या चौकटीत लिहून सोडलेला मजकूर तिथेच राहतो, यादीत त्या नावापुढे हिरव्या अक्षरांत मसुदा म्हणून दिसत राहतो, आणि पाठवण्याचं बटण अंगठ्याखाली. म्हणून न पाठवायचं ते त्या माणसाच्या चॅटमध्ये लिहूच नये. मैत्रिणीने वाण्याच्या बिलामागे लिहिलं आणि फाडलं. भावाला तिने वर्षश्राद्धाला समोरासमोर विचारलं, तेव्हा प्रश्न दुसराच होता.

पाठवल्यावर पुसता येतं, या भरवशावर राहू नये. व्हॉट्सअॅपवर मेसेज दुरुस्त करायला 15 मिनिटं मिळतात, सगळ्यांसाठी पुसायला सुमारे अडीच दिवस. पण पुसलेल्या जागी पुसल्याची पाटी राहते, अँड्रॉइडच्या सूचनांच्या इतिहासात मजकूर सापडू शकतो, आणि स्क्रीनशॉटला कोणाची परवानगी लागत नाही. दक्षिण मुंबईतल्या एका सोसायटीत 2009 साली एका रहिवाशाने एका महिलेबद्दल लिहिलेले, इतर सभासदांनाही पाठवलेले ईमेल 2024 च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर वाचले जात होते. तोंडाने उच्चारलेले शब्द आणि लिहून पाठवलेले शब्द यांत स्त्रीच्या अपमानाच्या कलमापुरता फरक करायला न्यायालयाने नकार दिला.

मात्र सगळ्यांना गप्प बसवणारी सेक्रेटरी म्हणून माझी ख्याती होऊ नये. आमच्याकडे अंधेरीला रात्रपाळी करणारी एक मुलगी भाड्याने राहते. ग्रुपवर एका ज्येष्ठ सभासदाने “काही जणी कोणत्या वेळेला घरी येतात याकडे कमिटीने लक्ष द्यावं” असं लिहिलं. तिने उत्तर लिहून मला दाखवलं, आणि शेजारच्या काकूंनी तिला आधीच सांगितलं होतं की मोठे आहेत, सोडून दे, फार तर वैयक्तिक लिही. मला ते पटलं नाही. बोलणं ग्रुपवर झालं होतं, उत्तरही तिथेच जायला हवं होतं. आणि थांबण्यासारखंही काही नव्हतं, कारण काय घडलं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. मी तिच्या मजकुरातलं एकच विशेषण काढायला सांगितलं, त्यांच्या वयाबद्दलचं. मग ते असं गेलं: “काका, मी रात्रपाळी करते. माझ्या येण्याजाण्याच्या वेळा सोसायटीचा विषय नाहीत. वरचा मेसेज तुम्ही काढून टाकावा आणि कमिटीने हे इतिवृत्तात नोंदवावं.”

काकांनी मेसेज काढला. इतिवृत्तात नोंद मी केली, आणि सभेत त्यावर अर्धा तास भांडण झालं.