पंतांची क्वेरी

पंत हे त्याचं खरं नाव नाही, पण कॉलेजपासून आम्ही त्याला पंतच म्हणतो. पंतने जुलै २०२५ मध्ये जुनी कंपनी सोडली. ऑक्टोबर उजाडला तरी ग्रॅच्युइटीचा पत्ता नव्हता. फुल अँड फायनल सेटलमेंट झालं, शिल्लक रजांचे पैसे आले, लॅपटॉपची बॅगसुद्धा परत घेऊन झाली (चार्जरची वायर उसवली म्हणून त्याचे वेगळे पैसे कापले, असो!). फक्त ग्रॅच्युइटी नाही. इकडे बिल्डर फ्लॅटच्या ताब्याचा शेवटचा हप्ता मागत होता आणि पंतने त्यातले दोन लाख मनातल्या मनात या पैशांतून भरूनही टाकले होते.

ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये त्याने दोन मेल पाठवले होते. दोन्हींना एकच उत्तर आलं, "आपला प्रश्न संबंधित टीमकडे पाठवला आहे." तिसऱ्या मेलचा ड्राफ्ट त्याने मला पाठवला, "जरा पॉलिश करून दे" म्हणून. शनिवार होता, मलाही विशेष काही काम नव्हतं.

ड्राफ्ट वाचला आणि आधीच्या दोन मेलना तसलं उत्तर का आलं ते कळलं. सुरुवातीला कंपनीत किती छान दिवस गेले ते. मग घराचा हप्ता. मग "आपण माझ्या परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार कराल अशी आशा आहे". शेवटी आपलं राष्ट्रीय वाक्य, "काइंडली डू द नीडफुल". या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी एका ओळीत जॉइनिंग डेट, लास्ट ड्रॉन सॅलरी आणि रेझिग्नेशन डेट.

म्हटलं, पंत, तू उधार मागतोयस का? बक्षीस मागतोयस का?

ग्रॅच्युइटी या शब्दाचाच हा दोष असावा. मालकाने खूश होऊन हातावर ठेवलेलं काहीतरी, असा त्याचा वास येतो. प्रत्यक्षात १९७२ च्या कायद्याने ते देणं ठरवलेलं होतं. पाच वर्षं सलग नोकरी झाली की नोकरी सुटल्यावर पैसे देय होतात आणि ते तीस दिवसांत द्यायचे असतात. रक्कम मोजून ती कळवणं हेही कंपनीचंच काम, तुम्ही अर्ज केला असो वा नसो. म्हणजे सहानुभूतीचा परिच्छेद उडवायला काहीच हरकत नव्हती. घराचा हप्ताही उडवला. पंत हळहळला, पण समोर बसलेल्या माणसाला हप्त्याशी काय करायचंय? त्याला एक रेकॉर्ड शोधून, हिशोब करून, पेमेंटला टाकायचं आहे. आपण डेटाबेसला क्वेरी टाकतो तेव्हा डेटाबेसची विचारपूस करत नाही. फील्ड बरोबर द्यायची, की उत्तर बरोबर येतं. आणि फील्ड चुकली तरी उत्तर येतंच, फक्त ते चुकीचं असतं. एरर मेसेज येत नाही हीच तर गंमत आहे.

तर आता ती तीन फील्ड.

जॉइनिंग डेट ३ डिसेंबर २०१८. इथे काही वाद नव्हता, फक्त पंतकडे तीन कागद होते. ऑफर लेटरवर ऑक्टोबरची तारीख, अपॉइंटमेंट लेटरवर ३ डिसेंबर आणि प्रोबेशन संपल्याच्या कन्फर्मेशन लेटरवर जून २०१९ ची. कामावर हजर झालो तो दिवस धरायचा. प्रोबेशनचे सहा महिने नोकरीतच मोजले जातात, त्यामुळे कन्फर्मेशन लेटर मेलला जोडायचंच नाही, उगाच समोरच्याला दुसरी तारीख दाखवू नये.

लास्ट ड्रॉन सॅलरी म्हणून पंतने लिहिलं होतं १,३०,०००. हा त्याचा महिन्याचा ग्रॉस. त्याला लागू असलेल्या जुन्या कायद्यात ग्रॅच्युइटी मोजायची ती बेसिक अधिक महागाई भत्त्यावर. आयटीत महागाई भत्ता बहुधा नसतोच, म्हणजे राहिलं फक्त बेसिक, ते होतं ५२,०००. एचआरए, स्पेशल अलाउन्स, बोनस सगळं बाहेर. पंतला हे पचायला थोडा वेळ लागला. दुसरी गंमत जुलैच्या पेस्लिपची. जुलैत तो चारच दिवस होता, म्हणून त्या स्लिपवर बेसिक दिसत होतं ६,७१०. "शेवटचा पगार" म्हणून कुणी ती स्लिप जोडली तर? कायदा शेवटच्या पगाराचा दर धरतो, शेवटच्या महिन्यात हातात पडलेली रक्कम नव्हे. म्हणून जूनची पूर्ण महिन्याची स्लिप जोडली आणि मेलमध्ये "दरमहा बेसिकचा शेवटचा दर" असं स्पष्ट लिहिलं.

आता तिसरं फील्ड, आणि खरी गोम इथेच आहे. रेझिग्नेशन डेट. पंतने राजीनामा टाकला ५ मे २०२५ ला. साठ दिवसांचा नोटीस पिरियड पूर्ण करून तो बाहेर पडला ४ जुलैला. ड्राफ्टमध्ये होती ५ मे. प्रश्न "रेझिग्नेशन डेट काय?" असा असेल तर उत्तर बरोबरच आहे की! पण नोकरी राजीनामा टाकल्यावर संपत नाही, शेवटच्या कामाच्या दिवशी संपते. आता मोजा. ३ डिसेंबर २०१८ ते ५ मे २०२५ म्हणजे सहा वर्षं पाच महिने. ४ जुलैपर्यंत मोजलं तर सहा वर्षं सात महिने. पूर्ण वर्षांच्या वर सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ असेल तर तो पूर्ण वर्ष धरतात, कमी असेल तर सोडून देतात. म्हणजे पहिल्या तारखेने सहा वर्षं, दुसऱ्या तारखेने सात.

प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा पगार आणि महिना धरायचा सव्वीस दिवसांचा, कारण रविवार वगळून कामाचे दिवस तेवढे. (तुमच्या सीटीसीच्या कागदावर ग्रॅच्युइटीपुढे बेसिकच्या ४.८१ टक्के असा विचित्र आकडा असतो ना? १५ भागिले २६ भागिले १२ करून बघा.) पंतचा हिशोब असा झाला:

```
52000 * 15 / 26 * 7 = 210000
52000 * 15 / 26 * 6 = 180000
```

एका तारखेची किंमत तीस हजार रुपये. मेलमध्ये दोन्ही तारखा लिहिल्या, पण वेगवेगळ्या नावांनी: राजीनामा दिल्याची तारीख आणि कार्यमुक्त झाल्याची तारीख. रिलीव्हिंग लेटर जोडलं.

मेल अर्थातच इंग्रजीत गेला, पण मजकूर साधारण असा होता:

"माझा एम्प्लॉयी कोड अमुक. मी ३ डिसेंबर २०१८ रोजी रुजू झालो, ५ मे २०२५ रोजी राजीनामा दिला आणि ४ जुलै २०२५ रोजी कार्यमुक्त झालो. बेसिकचा शेवटचा दर दरमहा ५२,००० रुपये. सेवा सहा वर्षं सात महिने, म्हणजे हिशोबासाठी सात वर्षं, आणि ग्रॅच्युइटी २,१०,००० रुपये. तीस दिवसांची मुदत ३ ऑगस्टला संपली आहे. कृपया ही रक्कम, देय व्याजासह, कोणत्या तारखेला जमा होईल ते कळवावे. हिशोबात फरक असल्यास आपला हिशोब पाठवावा. अपॉइंटमेंट लेटर, जूनची पेस्लिप, रिलीव्हिंग लेटर आणि भरलेला फॉर्म 'आय' सोबत जोडला आहे."

बस. पंत म्हणाला, फारच कोरडं वाटतंय रे. कोरडंच पाहिजे. एचआरमधल्या माणसाला हा मेल जसाच्या तसा फायनान्सला पुढे ढकलता आला पाहिजे.

फॉर्म 'आय'बद्दल थोडं. हे इंग्रजी अक्षर आहे, रोमन एक नव्हे, त्यावरूनही घोळ होतात. हा ग्रॅच्युइटीचा अर्ज. नोकरी सुटल्यावर एरवी तीस दिवसांत तो द्यायचा असतो, पण उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. मग आत्ता कशाला जोडायचा? कारण व्याज टाळायचं तर कंपनीला दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: उशीर कर्मचाऱ्याच्या चुकीने झाला, आणि त्यासाठी कंट्रोलिंग अथॉरिटीची लेखी परवानगी घेतली. "तुम्ही फॉर्मच दिला नाही" हे वाक्य कुणाच्या तोंडी यायच्या आत तो देऊन टाकलेला बरा.

कंट्रोलिंग अथॉरिटी म्हणजे मेलनेही काम झालं नाही तर जायचं ते दार. इथे आमच्या पुण्यातले बरेच लोक चुकीच्या ऑफिसात जातात. जुन्या कायद्यात कंपनीच्या शाखा एकापेक्षा जास्त राज्यांत असतील तर ती केंद्र सरकारच्या अखत्यारीत यायची. पंतच्या कंपनीचं एक ऑफिस पुण्यात, एक बंगळुरूला. म्हणजे राज्याच्या कामगार आयुक्तांकडे नाही, केंद्राच्या सहायक कामगार आयुक्तांकडे, आणि तिथला अर्ज फॉर्म 'एन'. पहिल्या मेलमध्ये मात्र यातलं काही लिहिलं नाही. धमकी एकदाच देता येते, ती जपून ठेवावी.

मेल ११ ऑक्टोबरला गेला. नवव्या दिवशी उत्तर आलं आणि या वेळी "संबंधित टीम" वगैरे नव्हतं, चक्क हिशोब होता. १,८०,०००! त्यांच्या सिस्टिममध्ये सेपरेशन डेट म्हणून ५ मे पडली होती. राजीनामा ज्या दिवशी सिस्टिममध्ये टाकला तोच दिवस तिने उचलला होता. पंतने दोन ओळींचं उत्तर दिलं: सोबतच्या रिलीव्हिंग लेटरवर तुमच्याच सहीने ४ जुलै आहे, आणि मे-जूनचा पूर्ण पगार व जुलैचे चार दिवस तुम्हीच दिले आहेत. पुन्हा थोडी शांतता. त्यांचा ग्रॅच्युइटीचा पैसा एका विमा कंपनीच्या ग्रुप स्कीममध्ये आहे, तिथून यायला वेळ लागतो, असं फोनवर सांगण्यात आलं. ती त्यांची आपापसातली सोय, पैसे द्यायची जबाबदारी कंपनीचीच.

१४ नोव्हेंबरला २,१०,००० जमा झाले.

त्यानंतर आठवड्याच्या आत, २१ नोव्हेंबर २०२५ ला, सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९७२ चा कायदा तिच्यात विरून गेला. तीस दिवसांची मुदत आणि उशिराचं व्याज संहितेतही आहे. पण पगाराची व्याख्या बदलली: भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग पगारात धरायचा. म्हणजे पंतचाच ग्रॉस धरला तर ५२,००० ऐवजी ढोबळमानाने ६५,००० वर हिशोब. तो जुलैत सुटला, त्यामुळे त्याला जुनाच नियम. पण यानंतर कंपनी सोडणाऱ्यांनी माझा वरचा "फक्त बेसिक"वाला परिच्छेद कॉपी-पेस्ट करू नये.

राहता राहिलं व्याज. जुन्या कायद्याखाली सरकारने ठरवलेला दर सरळव्याजाने दहा टक्के. आणि गंमत म्हणजे ते तीस दिवसांनंतरपासून नाही, रक्कम देय झाल्यापासून मोजायचं. ४ जुलै ते १४ नोव्हेंबर, १३३ दिवस, ७,६५२ रुपये. ते काही आलेलं नाही. पंत म्हणतो जाऊ दे, मुद्दल आलं ना, बिल्डर शांत झाला. वहिनी म्हणतात, साडेसात हजार का सोडायचे? चार ओळींचा ड्राफ्ट मी पाठवून ठेवलाय. या वेळी पॉलिश करण्यासारखं त्यात काही नाही.