ताळेबंदात १८ लाख, बँकेत दीड लाख

परवा आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची वार्षिक सभा झाली. अहवाल वाचून झाला आणि मागून एक काका उठले. "राखीव व शिल्लक १८ लाख लिहिलंय. मग बोनस का नाही? पैसे गेले कुठं?"

मी संचालक आहे. मागच्या वर्षी हाच प्रश्न आला तेव्हा मीच हात वर केला होता आणि आम्ही ३ लाख वाटून टाकले. ऑक्टोबरात सोयाबीन आलं तर चुकारा द्यायला रोख नाही. आमच्याच सभासदांनी माल व्यापाऱ्याला घातला. त्यांचं काय चुकलं?

म्हणून यंदा फळ्यावर ३१ मार्चचा ताळेबंद मांडला. डावीकडे पैसा आला कुठून: भागभांडवल १० लाख, साठलेला नफा १८ लाख, बँकेचं कर्ज १२ लाख. एकूण ४०. उजवीकडे तो आज आहे कुठं: गोदाम आणि ग्रेडिंग मशीन १७ लाख, गोदामातली तूर १३ लाख, डाळमिलवाल्यांकडून येणं साडेआठ लाख, बँकेत दीड लाख. हेही ४०.

१८ लाख म्हणजे कंपनी सुरू झाल्यापासून झालेला नफा, त्यातून तोटा आणि वाटलेले पैसे वजा करून उरलेला आकडा. तो निव्वळ हिशोब आहे, त्याचं वेगळं खातं नसतं. पैसा कधीच भिंतीत, मशीनमध्ये आणि पोत्यात गेला. आपण नाही का, कांद्याचे पैसे झाले की विहीर खोदतो? नफा खरा असतो, पण खिसा रिकामाच.

काका म्हणाले, "तूर विकली की पैसे येतील ना?" आले, ऑगस्टमध्ये आले. पण तूर घ्यायलाच कर्ज काढलं होतं, ते व्याजासकट फिटलं. हातात फारसं काही उरलं नाही.

आणि हे १८ लाखही पक्के नसतात. २०० क्विंटल तूर ६,५०० रुपयांनी धरली होती. तेव्हाच बाजार ६,००० वर आला असता तर माल कमी भावानेच धरावा लागला असता. मग १ लाख तिथंच गेले, शिल्लक १७. मिलवाल्याने पैसे बुडवले तरी तसंच.

तेव्हा तुमच्या कंपनीचा अहवाल हातात आला की 'राखीव व शिल्लक' वाचून थांबू नका. मालमत्तेत 'रोख व बँक शिल्लक' बघा. त्यातून पुढच्या हंगामाचा चुकारा आणि कर्जाचा हप्ता वजा करा. उरलं तर बोनस मागा, हक्काने मागा.

यंदा बोनस नाही दिला. काका नाराज आहेत. पण सोयाबीनचा काटा झाल्यावर त्यांचा चुकारा अडणार नाही, एवढं मी बघेन.