पान ८० आणि पान ८१

माझ्या आजोबांनी म्हातारपणी स्वतःच्या खर्चाने एक आत्मचरित्र छापले होते, ‘माझी वाटचाल’ नावाचे. घरात प्रत उरली नव्हती. ती एका जुन्या वाचनालयात सापडली, पण पुस्तक घरी नेता येत नव्हते, म्हणून एका दुपारी मी सगळ्या ११२ पानांचे मोबाइलवर फोटो काढले. फोनने त्यातली अक्षरे ओळखून मजकूर तयार केला आणि मी तो कोलकात्याच्या पुतणीला पाठवला. ती आजोबांच्या धाकट्या भावाची पणती. तिला मराठी बोललेले थोडेफार कळते, वाचता येत नाही. तिने तो यंत्राकडून इंग्रजीत करून घेतला.

आठवड्याने तिचा फोन आला. आवाज पडलेला. “काका, म्हणजे खरंच आमच्या पणजोबांनी वाडा ८० रुपयांना विकला?”

या वाड्यावरून आमच्या दोन घरांत दोन पिढ्या बोलणे नव्हते. ‘धाकट्याने वाडा फुंकला’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण ८० रुपये? मी मजकूर उघडला. तिथे असे होते:

“तेव्हा धाकट्याने वाडा विकला ८० पडझड नव्हता, माझ्या सांगण्यावरून तो गहाण टाकला होता.”

फोटो काढून पाहिला आणि उलगडा झाला. ८० हा पान क्रमांक, डाव्या पानाच्या तळाशी छापलेला. ‘पडझड’ हे प्रकरणाचे नाव. डाव्या पानाच्या माथ्यावर पुस्तकाचे नाव आणि उजव्या पानाच्या माथ्यावर प्रकरणाचे, ही जुनी छपाईची रीत. पान उलटणारा डोळा या दोन्हींवरून न थांबता पुढे जातो. अक्षर ओळखणाऱ्या यंत्राला मात्र पानावरची प्रत्येक ओळ सारखीच. आजोबांचे वाक्य होते, “धाकट्याने वाडा विकला नव्हता.” इंग्रजीत त्याची दोन वाक्ये झाली होती: धाकट्याने वाडा ८० ला विकला, पडझड काही झाली नव्हती.

मराठीत नकार शेवटी येतो. ‘विकला’पर्यंत वाचणाऱ्याला तो विकला की नाही हे ठाऊक नसते. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी सांगावा लागतो, म्हणून शेवटचा शब्द हाती आल्याशिवाय वाक्य लिहायलाच घेता येत नाही. मूळ मजकुरात निदान एक खूण होती. पडझड झाली तर ती ‘नव्हती’ होईल, ‘नव्हता’ नव्हे. तो ‘नव्हता’ वाड्याचा आहे हे मराठी कानाला कळते. इंग्रजीत क्रियापदाला लिंग नाही, त्यामुळे ती खूणही पुसली गेली. तिथे वाक्य चुकीचे होते, पण निर्दोष दिसत होते.

मग साफसफाईला बसलो. आधी वाटले, ‘माझी वाटचाल’ शोधून सगळीकडून उडवून टाकू. पण पुस्तकाच्या घडीजवळ कागद वळलेला असल्याने यंत्राने ते कुठे ‘वाटचाळ’ वाचले होते, कुठे ‘माझा वाटचाल’. शिवाय आजोबांनी हेच शब्द दोन ठिकाणी वाक्यातही वापरले होते. तेही गेले असते. प्रत्येक फोटोची वरची पट्टी कापावी, तर हातात धरून काढलेल्या फोटोंत माथा कुठे वर, कुठे खाली; दोन-तीन पानांची पहिली ओळच कापली गेली. पान ८१ च्या तळाशी कोपऱ्यात एक बारीक ६ होता. तो सहाव्या फर्म्याचा आकडा, बांधणाऱ्याच्या सोयीसाठी छापलेला. दर सोळा पानांनीच येतो, म्हणून नेहमीच्या खुणांच्या यादीत तो सापडत नाही.

शेवटी एक एक पान वेगळे ठेवले. प्रत्येकाची पहिली आणि शेवटची ओळ फोटोशी ताडली आणि माथा-तळ हाताने काढला. शेवटी पूर्णविराम नसेल तर पुढचे पान त्याला जोडले. पूर्णविरामावरही सगळा भरवसा ठेवता येत नाही. यंत्र तो कधी गाळते, कधी कागदावरच्या डागालाच टिंब समजते. पान क्रमांक मात्र टाकून दिले नाहीत. कोणी विचारले तर मूळ पान दाखवता आले पाहिजे. म्हणून वाक्य पुरे झाल्यावर, पूर्णविरामानंतर, कंसात ते लिहिले. चार संध्याकाळी गेल्या.

नवा मजकूर पुतणीला पाठवला आणि सोबत त्या दोन पानांचा फोटो. ‘विकला’ आणि ‘नव्हता’ या दोन शब्दांभोवती पेन्सिलीने गोल केले होते. तिचा फोन आला तेव्हा तिने आधी ते वाक्य तिच्या बंगाली वळणाच्या मराठीत सावकाश म्हणून दाखवले, शेवटच्या शब्दापर्यंत. मग म्हणाली, “माझ्या बाबांना हे वाचून दाखवायचं आहे. तुम्ही दाखवाल?”