सरळ रेघेचा हिशेब

दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली भंगारातून कोबाल्ट-६० बाहेर पडलं. कामगारांची कातडी भाजली, रक्तपेशी घटल्या, एक जण दगावला. अशी इजा व्हायला एकाच वेळी असंख्य पेशी मराव्या लागतात, म्हणून तिला उंबरठा असतो. कातडी लाल व्हायलाही काही ग्रे मात्रा एकदम लागते. त्यापुढे मात्रा जितकी जास्त, तितकी जखम खोल.

*

तारापूरच्या अणुवीज केंद्रातल्या कामगाराच्या मात्रा मोजणाऱ्या बिल्ल्यावर पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त नोंद होऊ द्यायची नाही, म्हणजे वर्षाला सरासरी २०. भाजण्याच्या उंबरठ्यापासून हे कितीतरी खाली आहे. मग मर्यादा कशासाठी? कॅन्सरसाठी. तिथे मात्रेबरोबर वाढते ती शक्यता. झालेला कॅन्सर १०० मिलिसिव्हर्टचा असो की १०००चा, आजार तोच.

*

तर्क असा : किरणाचा एकच माग एका पेशीतला डीएनए तोडू शकतो. मात्रा निम्मी केली तर निम्म्या पेशींना फटका बसतो, पण बसला त्या पेशीला तो पूर्णच बसतो. म्हणून मात्रा आणि कॅन्सरची शक्यता यांची रेघ शून्यापर्यंत सरळ ओढायची. पेशी दुरुस्ती करतात, हे खरंच. पण ती दर वेळी बिनचूक होते असं म्हणता येत नाही. हिरोशिमा-नागासाकीच्या नोंदी साधारण १०० मिलिसिव्हर्टच्या वर स्पष्ट बोलतात. त्याखाली रेघ आहे ती आपण ओढलेली.

*

खाली मोजून का बघत नाहीत? समजा हजार कामगारांना प्रत्येकी १०० मिलिसिव्हर्ट मिळाले. भारतात साधारण नवांतल्या एकाला आयुष्यात कॅन्सर होतोच, म्हणजे इथे ११० जणांना. रेघेप्रमाणे त्यात भर पडेल चारेक जणांची. पण ११० हा आकडा निव्वळ योगायोगाने दहाने इकडेतिकडे होतो. ते चार त्यात कुठे शोधणार? आणि बोईसरच्या कारखान्यांतली रसायनं, तंबाखू, विडी हे सगळं वेगळंच.

*

शटडाउनमध्ये एका व्हॉल्व्हचं काम आहे, एकूण ६० मिलिसिव्हर्टचं. तीन माणसांऐवजी तीस लावली तर प्रत्येकाच्या बिल्ल्यावर दोनच येतील. कागद स्वच्छ. भाजण्याचा प्रश्न असता तर ही वाटणी उत्तमच होती. कॅन्सरच्या हिशेबात मात्र बेरीज साठच राहते, जोखीम फक्त जास्त घरांत जाते. उलट आत-बाहेर करण्यात वेळ गेला तर साठाचे सत्तर होतात. खरी बचत शिशाच्या आडोशात, आधी केलेल्या रंगीत तालमीत आणि पाइप धुऊन घेण्यात आहे. मला या सरळ रेघेच्या गृहीतकाचा सगळ्यात मोठा उपयोग हाच वाटतो.

*

उलटा गैरवापरही होतो. पालघर जिल्ह्याच्या तीस लाख लोकांना समजा ०.०१ मिलिसिव्हर्ट मिळाले. गुणाकार केला की दीड मृत्यू निघतो. असे मृतदेह मोजू नका, असं किरण-संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय आयोग स्वतःच सांगतो. ही रेघ कामाची आखणी करायला आहे. इतक्या खाली तिची चूक उत्तराहून मोठी असू शकते.